अतिवृष्टी अनुदानाची तपासणी : आधारवर एकही दुबार नाव निघत नाही, मग पैसे दोनदा कसे गेले?

रंकाळा_लेखा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका तालुक्याच्या पीकनुकसान अनुदानाची तपासणी आमच्या कार्यालयाकडे आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही. एका गावाची यादी साधारण ४०० ओळींची आहे. त्यात विशिष्ट क्रमांक, नाव, आधारचे शेवटचे चार अंक, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पीक, रक्कम, बँकेचं नाव, व्यवहार क्रमांक आणि शेवटी स्थिती, म्हणजे जमा की परत, असे रकाने आहेत.

तहसील कार्यालयाचं म्हणणं असं की पैसे आधारवर गेलेत, केवायसी अंगठा लावून झालीय, त्यामुळे दुबार काही निघणार नाही. आम्हीही आधारचे चार अंक आणि नाव मिळून शोधलं, काही सापडलं नाही. पण गावातून तोंडी तक्रार आहे की "एकाच रानाचे पैसे दोघांनी उचललेत". कुठून सुरुवात करावी? आणि पैसे बरोबर खात्यात गेले हे नुसत्या "जमा" शेऱ्यावर मानायचं का?

---

डेटा_दादा

आधारवर पैसे गेले असतील तर दुबार जवळजवळ अशक्य आहे. एका माणसाचा आधार एकच आणि त्याला जोडलेली बँकही एका वेळी एकच. त्यामुळे दुबार शोधण्यात वेळ घालवू नका, पात्रतेकडे बघा. गावातल्या तक्रारी बऱ्याचदा भाऊबंदकीच्या असतात.

---

जुना_तपासनीस

दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. आधार माणसाचं दुबारपण पकडतो. पण हे अनुदान माणसाला माणूस म्हणून मिळत नाही, बाधित क्षेत्राला मिळतं. तेच रान दोन वेगवेगळ्या आधारांवर दाखवलं तर संगणकाच्या लेखी दोन्ही ओळी निर्मळ. म्हणून या योजनेत दुबार शोधायची पहिली किल्ली गट क्रमांक आहे, आधार नाही.

रंकाळा, तुमच्या तपासणीत तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची किल्ली वेगळी आहे. ती मिसळली की काहीच सापडत नाही.

पहिला प्रश्न, एकाच जमिनीला दोनदा पैसे गेले का. त्याची किल्ली गाव, गट आणि हंगाम. दुसरा, एका शेतकऱ्याने कमाल मर्यादेपेक्षा जास्त घेतले का. त्याची किल्ली आधार, पण एका गावात नव्हे, सगळ्या गावांच्या याद्या एकत्र करून. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषात मर्यादा २ हेक्टर आहे. नदीकाठी एकाची जमीन दोन-तीन गावांत असणं नवीन नाही. प्रत्येक यादीत तो दोन हेक्टरच्या आत दिसतो आणि बेरीज साडेतीन निघते. तिसरा प्रश्न, पैसे कुणाच्या खात्यात पोचले. त्याची किल्ली तुमच्या यादीत नाहीच, ती बँकेकडे आहे.

आधी शासन निर्णय हातात घ्या. दर आणि मर्यादा घटनेनुसार बदलतात. निधीच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. पण २०२२ च्या अतिवृष्टीला राज्याने १३,६००, २७,००० आणि ३६,००० असा दर आणि ३ हेक्टरची मर्यादा दिली होती. चुकीचा निर्णय समोर धरला तर अख्खं गाव जादा उचललेलं दिसेल किंवा जादा उचललेलं दिसणारच नाही. शिवाय किमान रकमेचा नियम असतो. त्यामुळे दोन-चार आरची ओळ क्षेत्र गुणिले दराशी जुळत नाही म्हणून लगेच चूक धरू नका.

---

शिरोळकर

माझं पण हेच झालंय बघा. यादीत माझं नाव हाय, केवायसी केली, भाऊसाहेब म्हणत्यात पैसे जमा झाले. माझ्या सोसायटीच्या खात्यावर एक रुपया आला नाही. कुणाच्या घशात गेले ते तुम्ही तपासा.

---

क्लिअरिंग_मॅडम

शिरोळकर भाऊ, धागा तपासणीच्या पद्धतीचा आहे, पण तुमचं उत्तर त्यातच बसतं म्हणून देते. सेवा संस्थेतलं तुमचं खातं हे बँक खातं नव्हे. आधारचे पैसे तिथे येऊच शकत नाहीत. ते बँकेतच येतात, आणि तेही तुम्ही सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडायला संमती दिली तिथे. गॅस कनेक्शनच्या वेळी, मोबाईलच्या दुकानात किंवा एखाद्या शिबिरात खातं उघडलं असेल तर तिथे बघा. myAadhaar वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून `Bank Seeding Status` उघडा. बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की बंद आणि शेवटचा बदल कधी झाला हे दिसेल. खाते क्रमांक दिसणार नाही.

आता रंकाळांचा तिसरा प्रश्न. तो खाते क्रमांक का दिसत नाही तेच इथे महत्त्वाचं आहे. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मॅपरमध्ये आधारसमोर फक्त बँकेची ओळख असते, खातं नसतं. सरकारची फाईल आधार आणि रक्कम घेऊन निघते, मॅपर सांगतो अमुक बँक, आणि पुढे कुठल्या खात्यात टाकायचं ते त्या बँकेची स्वतःची प्रणाली ठरवते. म्हणजे शेवटचा टप्पा सरकारच्या नजरेबाहेर आहे. शाखेत सासूचा आधार सुनेच्या ग्राहक क्रमांकाला जोडला गेला असेल तर पैसे सुनेच्या खात्यात पडतील आणि तुमच्या यादीत सासूसमोर "जमा" लिहून येईल. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की बँकेने पैसे घेतले आणि परत केले नाहीत.

---

डेटा_दादा

मग पूर्वीची खाते क्रमांक आणि आयएफएससीची पद्धत बरी होती म्हणायची. तिथे निदान खातं दिसत होतं.

---

क्लिअरिंग_मॅडम

दिसत होतं, पण नाव कुणी बघत नव्हतं. एनईएफटीने आलेली रक्कम फक्त खाते क्रमांकावर जमा करायची, ही रिझर्व्ह बँकेची २०१० सालापासूनची मुभा आहे. एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला की पैसे गेले. केंद्राच्या पीएफएमएस प्रणालीतून जाताना आधी बँकेकडून खातं पडताळून घेतात, तेवढा भरवसा होता. पण तालुक्याने बँकेला थेट यादी देऊन पैसे पाठवले असतील तर तोही नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या जुन्या याद्या तपासायला आल्या तर हे लक्षात ठेवा. तिथे एकाच खाते क्रमांकावर पाच जणांचे पैसे, हा प्रकार आधी शोधायचा.

---

जुना_तपासनीस

आणि तो शोधताना एक्सेल फसवतं, ते सांगून ठेवतो. खाते क्रमांक १६ अंकी असेल आणि रकाना आकडा म्हणून उघडला तर एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच बरोबर धरतं, सोळावा शून्य होतो. सुरुवातीची शून्यं तर जातातच. म्हणून फाईल दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. आयात करताना रकाना मजकूर म्हणून घ्यायचा.

एवढं करूनही COUNTIF मजकुराला मनातल्या मनात आकडा समजतं आणि पहिले पंधरा अंक सारखे असलेली दोन वेगळी खाती एकच मोजतं. एकाच शाखेत लागोपाठ उघडलेल्या खात्यांचं असंच होतं. मग नसलेली दुबार खाती शेकड्यांनी निघतात, आणि असा आक्षेप एकदा खोटा पडला की पुढचे खरेही कुणी वाचत नाही.

```
चुकीचं :  =COUNTIF(F:F,F2)
बरोबर :  =SUMPRODUCT(--($F$2:$F$2000=F2))
```

---

डेटा_दादा

`=COUNTIF(F:F,F2&"*")` लावलं तरी चालतं. SUMPRODUCT मोठ्या यादीवर फार हळू चालतं.

---

जुना_तपासनीस

चालतं, पण एका बँकेचा ११ अंकी क्रमांक दुसऱ्या बँकेच्या १५ अंकी क्रमांकाच्या सुरुवातीशी जुळला तर तोही मोजला जाईल. क्वचित होतं. निघालेल्या ओळी डोळ्यांनी बघणार असाल तर काही हरकत नाही.

---

रंकाळा_लेखा

आधारचे चारच अंक दिलेत. नाव आणि चार अंक असा शोध आम्ही घेतलाच होता. नुसत्या चार अंकांवर घेतला तर सात-आठ जोड्या निघतात. त्या संशयित धरायच्या का?

---

डेटा_दादा

नको. चार अंकांचे १०,००० प्रकार होतात. ४०० जणांत जोड्या होतात ७९,८००. म्हणजे निव्वळ योगायोगाने सुमारे आठ जोड्या निघायलाच हव्यात. तुमच्या सात-आठ त्याच. उलट, एकच माणूस "बाळासो" आणि "बाळासाहेब" अशा दोन नावांनी असेल तर नाव आणि चार अंक हा शोध त्याला सोडून देईल. पूर्ण आधार मागून घेऊन आपल्या लॅपटॉपवर ठेवू नका, त्याची गरजही नाही. कार्यालयाच्या संगणकावर, त्यांच्याच माणसासमोर पूर्ण क्रमांकावर तपासणी चालवा आणि फक्त निघालेले विशिष्ट क्रमांक लिहून आणा. किंवा पूर्ण आधारऐवजी प्रत्येक आधाराला एक स्वतंत्र सांकेतिक क्रमांक लावून यादी मागा. मात्र तो सगळ्या गावांत तोच हवा, नाहीतर दोन हेक्टरच्या मर्यादेची तपासणी होणार नाही.

---

जुना_तपासनीस

हे उत्तम सांगितलं दादांनी.

आता गटाकडे येऊ. गट क्रमांकाचीही एक्सेल वाट लावतं. १२/३ चा बारा मार्च होतो. पुन्हा तेच, आयात करताना मजकूर. मग लिहिण्याची तऱ्हा एक करायची. "२१४/अ", "214/A", "214 अ", "214अ" हे चारही एकाच यादीत सापडतील, कारण पंचनामे वेगवेगळ्या हातांनी भरलेले असतात. देवनागरी अंक इंग्रजीत आणा, मोकळ्या जागा काढा, अ-ब-क ची एकच पद्धत ठरवा. या कामाला अर्धा दिवस जातो आणि इथे कंटाळा केला की पुढचं सगळं व्यर्थ. नंतर गावाचा कोड आणि गट जोडून एक रकाना करा, त्यावर पिव्होट लावून दिलेल्या क्षेत्राची बेरीज घ्या आणि ती सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडा. बेरीज जास्त आली की तो गट बाजूला काढायचा.

एक नमुना देतो, आकडे बदललेले आहेत. गट २१४, लागवडीयोग्य क्षेत्र १.४४ हेक्टर, सोयाबीन, जिरायत दर ८,५००. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं सामाईक, हिस्से वेगळे मांडलेले नाहीत. यादीत तीन ओळी आहेत. थोरल्याच्या नावे १.४४ हेक्टर, १२,२४० रुपये. मधल्याच्या नावे ०.४८, ४,०८० रुपये. धाकट्याच्या नावे ०.४८, ४,०८० रुपये. तिघांचे आधार वेगळे, बँका वेगळ्या, केवायसी तिघांचीही झालेली, तिन्ही ओळी "जमा". आधारने शोधलं तर काहीच नाही. गटाने बेरीज केली तर २.४० हेक्टर, म्हणजे जमिनीपेक्षा ०.९६ जास्त आणि ८,१६० रुपये जादा.

असं का होतं तर पंचनाम्याला एक भाऊ रानात हजर असतो, तो पूर्ण क्षेत्र सांगतो. पुढे बाकीचे दोघे "आमचं नाव राहिलं" म्हणून अर्ज देतात आणि पुरवणी यादीत त्यांचे हिस्से येतात. पहिली ओळ कमी करायचं कुणी बघत नाही. म्हणून मूळ आणि पुरवणी यादी वेगवेगळ्या तपासू नका. वेगळ्या ठेवल्यात तर हा प्रकार कधीच दिसणार नाही.

---

गावकामगार

मी महसुलात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गटाची बेरीज जास्त आली म्हणजे दुबार, असं सरसकट धरू नका. सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुनं असतं. वाटणी झालेली पण फेरफार प्रमाणित न झालेला, हिस्सा विकलेला, पोटहिस्सा मोजणी बाकी, असे प्रकार प्रत्येक गावात आहेत. पंचनाम्याच्या तारखेचा सातबारा बघा, आजचा नको.

आणि एककाची चूक ही सगळ्यात मोठी. शेतकरी एकरात किंवा गुंठ्यात सांगतो, रकाना हेक्टर-आरचा असतो. एकर म्हणून सांगितलेला १ तसाच १.०० हेक्टर पडला की अडीचपट रक्कम गेली, कारण एकर म्हणजे साधारण ४० आर. ४ गुंठ्यांचं ०.०४ ऐवजी ०.४ झालं की दहापट. हा लबाडीचा प्रकार नव्हे. चार दिवसांत दोन-तीन गावांचे पंचनामे उरकायचे असतात, ते जरा ध्यानात घ्या.

---

जुना_तपासनीस

भाऊसाहेब, मान्य. कारण लबाडी की घाई हे तपासणीने ठरवायचंच नाही, जादा किती गेले ते ठरवायचं. पण एककाची चूक ओळखायची खूण तुम्ही चांगली दिलीत. जादा क्षेत्र बरोबर अडीचपट किंवा दहापट असेल तर ते एकक. गटाची बेरीज क्षेत्राच्या वर जाते पण एकेक ओळ क्षेत्राच्या आत असते तेव्हा सामाईक खातं किंवा पुरवणी यादी. एकच ओळ सातबाऱ्यापेक्षा मोठी असेल तर टंकलेखन किंवा एकक.

क्षेत्र जुळलं तरी पीक बघायचं राहतंच. ई-पीक पाहणीत त्या हंगामाला त्या गटावर काय नोंदलंय ते घ्या. यादीत बागायत दर लावलाय आणि पाहणीत जिरायत सोयाबीन असेल तर दुप्पट रक्कम गेलेली असते. क्षेत्राच्या बेरजेत हे कधी दिसत नाही.

---

गावकामगार

ई-पीक पाहणी प्रत्येक शेतकरी वेळेत करत नाही हो. कित्येकांची नोंद शेवटच्या दिवसांत आम्हीच करतो. नोंद नाही म्हणून पीक नव्हतं असं लिहू नका.

---

जुना_तपासनीस

नोंद नसणं आणि वेगळी नोंद असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. नोंद नसेल तर पंचनाम्याचा फोटो, पंचांच्या सह्या आणि साखर कारखान्याच्या ऊस नोंदीसारखा दुसरा पुरावा. वेगळी नोंद असेल तर मात्र खुलासा मागायचाच. ज्या रानाचा ऊस त्याच हंगामात कारखान्याला गेलाय आणि अनुदान सोयाबीनचं, असं आपल्याकडे निघू शकतं.

---

रंकाळा_लेखा

एकाच शेतकऱ्याच्या, एकाच गटाच्या दोन ओळीही आहेत. एक जुलैच्या घटनेची, दुसरी सप्टेंबरची. विशिष्ट क्रमांक वेगळे आहेत. ही दुबार की दोन वेगळ्या आपत्ती?

---

जुना_तपासनीस

हे निविष्ठा अनुदान आहे आणि निकष "एका हंगामात एकवेळेस" असा आहे. खरीप एकच, त्यामुळे त्याच क्षेत्राला दुसऱ्यांदा देय नाही. पण दोन अपवाद आधी तपासा. जुलैमध्ये गटाचा एक भाग आणि सप्टेंबरमध्ये उरलेला भाग बाधित असेल आणि बेरीज क्षेत्राच्या आत असेल तर चालतं. आणि पहिली ओळ "परत" होऊन तीच रक्कम नवीन क्रमांकाने पाठवली असेल तर ती दुबार नाही, पुनर्भरणा आहे.

खरा धोका याच पुनर्भरण्यात आहे. पहिल्या ओळीची स्थिती बरेच दिवस "प्रलंबित" दिसते, शेतकरी खेटे घालतो, कार्यालय नवीन ओळ तयार करतं, आणि मग पहिली पण जमा होते. म्हणून प्रत्येक "परत" ओळीसाठी रक्कम खरोखर परत आली त्याची तारीख बँकेच्या विवरणपत्रात बघा आणि दुसरी रक्कम त्यानंतरच गेली का ते ताडा. आधी गेली असेल तर दोन्ही जमा झाल्या का ते बँकेला विचारायचं. तालुक्याच्या पातळीवर जमा, परत आणि प्रलंबित यांची बेरीज काढलेल्या रकमेएवढी आलीच पाहिजे. परत आलेली रक्कम कार्यालयाच्या खात्यात पडून असेल तर तो वेगळा आक्षेप.

---

क्लिअरिंग_मॅडम

बँकेला पत्र कसं लिहायचं ते सांगते, कारण "खात्री करून द्यावी" असं लिहिलं तर "खात्री केली आहे" असंच उत्तर येतं. व्यवहार क्रमांकाची यादी जोडा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी मागा : खातेदाराचं बँकेतलं पूर्ण नाव, खात्याचे शेवटचे चार अंक, खात्याचा प्रकार आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख. यादीतलं नाव बँकेला पाठवू नका. पाठवलंत तर तेच नाव कॉपी होऊन परत येण्याची शक्यता आहे. नाव त्यांनी त्यांच्या प्रणालीतून द्यावं, जुळवणी तुम्ही करा. कार्यालयामार्फत लिहा, खातेदाराची माहिती थेट खाजगी लेखापरीक्षकाला बँक देणार नाही.

प्रकार मागायचं कारण असं की रक्कम कर्जखात्यात वळलेली असू शकते किंवा खातं गोठलेलं म्हणून शाखेच्या संकीर्ण खात्यात पडून असू शकते. दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत जोडलेल्या लहान सहकारी बँकांत तारीख नीट बघा. मोठ्या बँकेकडे जमा आणि ग्राहकाच्या खात्यात जमा, यात अंतर राहू शकतं.

नाव जुळत नाही म्हणजे चूकच, असं नाही. माहेरचं-सासरचं नाव, "पाटील" सगळेच, इंग्रजी स्पेलिंगच्या तऱ्हा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मवर्ष जुळतं का ते बघा. माणूसच वेगळा निघाला तर दोन प्रश्न विचारा. ही जोडणी कधीची? आणि या आधारवर येणारी बाकीची अनुदानं पण याच खात्यात पडतात का? सगळंच वर्षानुवर्षं तिथे पडत असेल तर शाखेतली जुनी चूक किंवा घरातला व्यवहार. अनुदानाच्या आधी काही दिवस जोडणी बदलली आणि नंतर पुन्हा फिरवली असेल तर संमतीपत्राची मूळ प्रत मागा. संमतीशिवाय जोडणी फिरवल्याची तक्रार नवीन नाही. २०१७ मध्ये गॅसचं अनुदान ग्राहकांच्या नकळत एका पेमेंट्स बँकेत वळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं.

आणि बँकेची चूक असेल तर शेतकऱ्याला सरकारी पैशातून पुन्हा पैसे देऊ नका. बँकेने दुरुस्त करायचं. नाहीतर तुम्हीच एक नवीन दुबार तयार कराल.

---

शिरोळकर

मॅडम, बघितलं. दुसऱ्याच बँकेचं नाव आलं, पोरीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी उघडलेलं खातं हाय ते. पैसे हायत तिथं. पण त्या शाखेनं पीक कर्जापोटी होल्ड लावलाय म्हणं. तसं करता येतं काय?

---

क्लिअरिंग_मॅडम

आपत्तीच्या मदतीतून कर्जवसुली करू नये असा आदेश शासन निर्णयातच असतो. तुमच्या घटनेचा निर्णय काढा, ते कलम दाखवून शाखेला लेखी अर्ज द्या आणि प्रत तहसीलला द्या. रंकाळा, तुमच्या बँक-पत्रात होल्डचा रकानाही घाला, अशा ओळी एकाच शाखेत एकत्र निघतील.

---

रंकाळा_लेखा

गटाची बेरीज करून झाली, पुरवणी यादी जोडून. ९ गट क्षेत्राच्या वर आलेत. दोन एककाचे दिसतात, बरोबर अडीचपट. सहा तपासनीस सरांच्या नमुन्यासारखे, सामाईक. एक समजत नाही, फेरफार मागवलाय.

सामाईक गटात आता वसुली कुणावर दाखवायची? थोरल्याने पूर्ण क्षेत्राचे घेतले, म्हणून त्याच्याकडून?

---

जुना_तपासनीस

संमतीपत्र शोधा. सामाईक खात्यात एकाने पैसे घ्यायचे तर बाकीच्यांची लेखी संमती पंचनाम्यासोबत हवी. ती नसेल तर थोरला फक्त ०.४८ चा हक्कदार, त्याच्याकडे ८,१६० जादा. संमती असेल तर थोरल्याची ओळ बरोबर आणि मधला-धाकटा यांच्याकडे प्रत्येकी ४,०८० जादा. रक्कम तीच राहते, माणूस बदलतो. आक्षेपात रक्कम लिहा आणि संमतीपत्र आढळलं की नाही ते लिहा.

---

गावकामगार

याला माझी हरकत आहे. संमतीपत्र असतानाही पुरवणी यादीत बाकीच्यांनी अर्ज केला, म्हणजे त्यांनी संमती काढून घेतली. मग चूक अर्ज मंजूर करणाऱ्याची. धाकट्यावर वसुली लावली तर तो म्हणणार, मला माझ्याच हिश्श्याचे पैसे मिळालेत. आणि रानात तो बरोबरच बोलतोय.

---

जुना_तपासनीस

संमती काढून घेतल्याचं लेखी आहे का? नसेल तर कागदावर पहिलीच संमती उभी आहे. तरी तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. मी असतो तर तिघांचीही नावं आक्षेपात घेऊन निर्णय तहसीलदारांवर सोडला असता.

---

डेटा_दादा

तिघांवर दाखवली तर बेरीज १६,३२० होईल आणि वसुलीच दुबार दिसेल. रकमेच्या रकान्यात एकदाच टाका, नावं शेऱ्यात.

---

रंकाळा_लेखा

ठीक. सहापैकी चार गटांना संमतीपत्र आहे, दोन गटांचं दप्तरात सापडत नाही. चारपैकी एकावर धाकट्या भावाचा अंगठा आहे आणि केवायसीच्या नोंदीप्रमाणे तो सही करणारा माणूस आहे. मूळ प्रत मागितलीय. बँकांची उत्तरं आली की इथेच टाकतो.